साठ हजारांचं बिल, चौपन्न हजार खात्यात: उरलेले सहा हजार परत मिळेपर्यंत

कोल्हापूरच्या एका फ्रीलान्स सॉफ्टवेअर डेव्हलपरचं आर्थिक वर्ष 2025-26 चं रिटर्न भरताना जे जे करावं लागलं, ते इथे क्रमाने लिहितो आहे. आकडे सोयीसाठी गोल केलेत, पण प्रकरण अगदी नेहमीचं आहे.

त्याचे ग्राहक तीन. पुण्याची एक कंपनी दरमहा 60,000 रुपयांचं काम देते. मुंबईच्या एका जाहिरात एजन्सीची वर्षभरात दोन बिलं झाली, जुलैत 40,000 चं आणि नोव्हेंबरात 35,000 चं. सांगलीच्या एका दुकानदाराला त्याने 90,000 रुपयांत बिलिंगचं सॉफ्टवेअर करून दिलं. पुण्याहून महिन्याला 54,000 येतात, मुंबईहून आधी पूर्ण 40,000 आले आणि मग 27,500, सांगलीहून पूर्ण 90,000. तीन ग्राहकांच्या तीन तऱ्हा. आधी त्या का, ते बघू.

पुण्याच्या कंपनीचं सोपं आहे. आयकर कायद्याच्या कलम 194जे खाली व्यावसायिक फीवर 10 टक्के टीडीएस कापायचा असतो. म्हणून 60,000 वर 6,000. बिलात जीएसटी वेगळा दाखवला असेल तर कपात फक्त फीवर होते, जीएसटीच्या रकमेवर नाही. या डेव्हलपरची जीएसटी नोंदणीच नाही, त्यामुळे तो प्रश्न आला नाही. ज्यांची नोंदणी आहे त्यांनी मात्र फी आणि जीएसटी एकाच आकड्यात कोंबू नये, नाहीतर ग्राहकाचा अकाउंटंट एकूण रकमेवर कापून मोकळा होतो.

मुंबईच्या एजन्सीने घोळ घातला असं त्याला वाटत होतं. 35,000 चे 10 टक्के 3,500 होतात, मग 7,500 का कापले? एजन्सीचं बरोबर होतं. 2025-26 पासून 194जे ची मर्यादा एका ग्राहकाकडून वर्षभरात 50,000 रुपये आहे, त्याआधी ती 30,000 होती. जुलैत बेरीज 40,000 च होती, म्हणून कपात झाली नाही. नोव्हेंबरात ती 75,000 वर गेली, आणि मर्यादा ओलांडली की कपात वरच्या 25,000 वर नाही, पूर्ण 75,000 वर लागते. जुलैचा राहिलेला टीडीएसही त्यामुळे नोव्हेंबरच्या बिलातूनच गेला. अशा वेळी ग्राहकाशी भांडण्यात अर्थ नाही. फक्त आधीच्या बिलावर कपात झाली नव्हती हे आपल्या वहीत लिहून ठेवावं.

सांगलीच्या दुकानदाराने काहीच कापलं नाही, आणि तेही योग्यच. वैयक्तिक मालकीच्या धंद्याला 194जे लागू होतं ते आदल्या वर्षीची उलाढाल 1 कोटीच्या वर असेल तरच, आणि वैयक्तिक व्यावसायिकाला 50 लाखांच्या वर असेल तर. पण टीडीएस कापला नाही म्हणून ते उत्पन्न रिटर्नमधून सुटत नाही. हे 90,000 सरकारी नोंदीत कुठेही दिसत नसले तरी पावत्यांत, म्हणजे वर्षभरातल्या एकूण जमेत, धरायचेच.

कापलेला पैसा आपल्या नावावर कसा चढतो, हे एकदा समजलं की पुढच्या निम्म्या अडचणींचं मूळ कळतं. ग्राहक कापलेली रक्कम पुढच्या महिन्याच्या 7 तारखेपर्यंत चलनाने भरतो. मार्चच्या कपातीला 30 एप्रिलपर्यंत मुदत असते. पण चलन भरलं म्हणून आपल्या नावावर काही येत नाही, कारण चलनावर आपला पॅन नसतोच. पॅन येतो तो तिमाहीच्या 26क्यू या विवरणपत्रात. एप्रिल ते जून तिमाहीचं 31 जुलैपर्यंत, पुढची दोन 31 ऑक्टोबर आणि 31 जानेवारीपर्यंत, आणि शेवटच्या तिमाहीचं 31 मेपर्यंत. ते भरलं गेलं की नोंद आपल्या फॉर्म 26एएस मध्ये, म्हणजे आपल्या पॅनवर जमा झालेल्या कराच्या सरकारी उताऱ्यात, उतरते आणि ग्राहकाला ट्रेसेस या आयकर विभागाच्या टीडीएससाठीच्या संकेतस्थळावरून फॉर्म 16ए, म्हणजे टीडीएसचं प्रमाणपत्र, काढता येतं. म्हणजे जानेवारी ते मार्चचा टीडीएस दिसायला जून उजाडतो. एप्रिलमध्येच रिटर्न भरायची घाई करणाऱ्यांच्या हिशेबात नेमकी ही शेवटची तिमाही गळते.

फॉर्म 16ए बद्दल एक गोष्ट. कंपनीच्या लेटरहेडवर 'आम्ही इतका टीडीएस कापला आहे' असं टाइप केलेलं पत्र म्हणजे 16ए नव्हे. खरा 16ए ट्रेसेसवरून उतरवलेला असतो, त्यावर प्रमाणपत्र क्रमांक असतो. ग्राहक पत्रावर भागवायला बघत असेल तर 26क्यू भरलेलंच नाही, अशी शंका घ्यायला हरकत नाही.

आयकर पोर्टलवर लॉगिन करून `e-File`, मग `Income Tax Returns`, मग `View Form 26AS` असं गेलं की ट्रेसेसचं पान उघडतं. वर्ष निवडताना `Assessment Year` विचारतात. 2025-26 च्या कमाईसाठी तिथे 2026-27 निवडायचं. इथेच एक वर्ष मागचं पान उघडून 'माझा टीडीएस दिसतच नाही' म्हणणारे बरेच भेटतात. या डेव्हलपरच्या आदल्या वर्षीच्या पानावर पुण्याच्या कंपनीखाली शेवटची ओळ अशी होती:

```
194JB  31-Mar-2025  F  28-May-2025  60000.00  6000.00  6000.00
```

डावीकडून वाचू. `194JB` म्हणजे व्यावसायिक फी, 10 टक्क्यांची. इथे `194JA` असेल तर ग्राहकाने तांत्रिक सेवा समजून 2 टक्के कापलेत, आणि `194C` असेल तर कंत्राट समजून. कमी कापलं तर आपलं नुकसान काही नाही, जेवढं कापलं तेवढंच क्रेडिट मिळतं. नंतरची तारीख व्यवहाराची. `F` म्हणजे नोंद पक्की झाली. त्याजागी `U` असेल तर ग्राहकाच्या विवरणपत्राशी चलन जुळलेलं नाही, आणि ते जुळेपर्यंत त्या रकमेवर भिस्त ठेवता येत नाही. पुढे नोंद झाल्याची तारीख, फीची रक्कम, कापलेला कर आणि भरलेला कर. शेवटचे दोन आकडे सारखे आहेत ना, एवढं बघावं.

ओळच नसेल तर बहुतेक वेळा दोनपैकी एक कारण निघतं. एकतर ग्राहकाने 26क्यू अजून भरलेलं नाही, नाहीतर पॅन चुकला आहे. चुकलेल्या पॅनवर रक्कम भलत्याच माणसाच्या 26एएस मध्ये जाऊन बसते, आणि आपण कितीही तक्रार केली तरी दुरुस्ती फक्त ग्राहकच करू शकतो, सुधारित 26क्यू भरून. त्यामुळे मेल लिहिताना 'माझा टीडीएस दिसत नाही, कृपया बघा' एवढं लिहून काम होत नाही. कोणती तिमाही, बिलाचा क्रमांक आणि तारीख, फी किती, कापले किती, खात्यात किती आणि कधी आले, आपला पॅन, आणि 'सुधारित 26क्यू भरून नवा 16ए पाठवा' अशी नेमकी मागणी लिहावी. मेल प्रोजेक्ट मॅनेजरला नाही, अकाउंट्सला जायला हवा. ग्राहक चालढकल करत असेल तर त्यालाही हे महागात पडतं: 26क्यूला उशीर झाला तर दिवसाला 200 रुपये शुल्क, आणि कापलेला कर न भरल्यास महिन्याला दीड टक्का व्याज. हे मेलमध्ये शांतपणे लिहिलं की कामाला वेग येतो, असं आमचं निरीक्षण आहे.

पॅन आधारशी जोडलेला नसल्यामुळे निष्क्रिय झाला असेल तर कपात 10 नाही, 20 टक्क्यांनी होते. त्या बाबतीत ग्राहकाचा दोष नसतो.

आता त्या 31 मार्चच्या ओळीकडे परत येऊ, कारण या फाइलीतला खरा गुंता तिथेच होता. मार्च 2025 चं बिल कंपनीने 31 मार्चला हिशेबात घेतलं आणि टीडीएस कापला, कारण कपात बिल जमा धरताना किंवा पैसे देताना, जे आधी होईल तेव्हा करायची असते. पैसे मात्र आले 10 एप्रिल 2025 ला. हा डेव्हलपर रोख पद्धतीने हिशेब ठेवतो, म्हणजे पैसे हातात पडले की उत्पन्न. तेव्हा टीडीएस 2024-25 चा, उत्पन्न 2025-26 चं. दरवर्षी मार्चच्या बिलाचं असंच होतं.

अशा वेळी लागतो तो नियम 37बीए. त्यानुसार क्रेडिट त्याच वर्षी मिळतं ज्या वर्षी ते उत्पन्न करासाठी दाखवलं जातं. म्हणून 2024-25 च्या रिटर्नमध्ये या 6,000 वर दावा करायचा नव्हता, ते पुढे न्यायचे होते. त्याने ते नेले होते, हे त्याचं नशीब. अनेकजण पोर्टलने आधीच भरून दिलेला आकडा तसाच ठेवतात, क्रेडिट सगळं घेतात आणि उत्पन्न मात्र बँकेत आलेलंच दाखवतात. मग 26एएस मधली पावती जास्त आणि रिटर्नमधली कमी, असं चित्र दिसतं आणि कलम 139(9) खाली सदोष रिटर्नची नोटीस येते. तिला उत्तर द्यायला 15 दिवस मिळतात.

माझं मत विचाराल तर, वर्षभर ठरावीक ग्राहकांची बिलं असलेल्याने बिलाच्या तारखेप्रमाणे हिशेब ठेवावा. मग मार्चचं बिल मार्चमध्येच उत्पन्नात येतं, 26एएस शी आपोआप जुळतं आणि पुढे-मागे नेण्याची भानगड राहत नाही. पण पद्धत दरवर्षी सोयीनुसार बदलायची नसते. ग्राहक पैसे बुडवण्याची भीती असेल त्याला रोख पद्धतच बरी, कारण न मिळालेल्या पैशावर कर भरायची वेळ येत नाही.

आता पावत्यांची बेरीज. पुण्याहून 2025-26 मध्ये मिळाली मार्च 2025 ते फेब्रुवारी 2026 ची बारा बिलं, 7,20,000. मार्च 2026 चं बिल पुन्हा एप्रिलमध्ये मिळालं, म्हणून ते पुढच्या वर्षात. मुंबईचे 75,000 आणि सांगलीचे 90,000 धरून एकूण 8,85,000. इथे लक्षात ठेवायचं की पावती म्हणजे टीडीएस कापण्याआधीची रक्कम. बँकेत पुण्याचे 6,48,000 च आले, पण कापलेले 72,000 ही आपलंच उत्पन्न आहे. बँकेचा आकडा उत्पन्न म्हणून टाकणं ही आम्हाला सर्वात जास्त दिसणारी चूक आहे.

माहिती तंत्रज्ञान हा अधिसूचित व्यवसाय असल्याने कलम 44एडीए वापरता येतं. पावत्या 50 लाखांच्या आत असतील, किंवा रोखीने आलेली रक्कम 5 टक्क्यांपर्यंतच असेल तर 75 लाखांच्या आत, तर निम्मी रक्कम उत्पन्न धरायची आणि खर्चाची पुस्तकं ठेवायची नाहीत. 8,85,000 चे निम्मे 4,42,500. नव्या करप्रणालीत पहिल्या 4 लाखांवर कर नाही, वरच्या 42,500 वर 5 टक्क्यांनी 2,125 रुपये, आणि 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला मिळणाऱ्या कलम 87ए च्या सवलतीने तेही शून्य. त्याला दुसरं उत्पन्न नव्हतं. म्हणजे कापलेला सगळा टीडीएस परत मिळायचा.

फॉर्म होता आयटीआर-4. त्यातल्या टीडीएसच्या तक्त्यात पुण्याच्या कंपनीसाठी दोन ओळी लागल्या. पहिली ओळ मागून आलेल्या रकमेची: कपातीचं वर्ष 2024-25, मागून आणलेले 6,000, यंदा दावा 6,000, त्याच्याशी संबंधित पावती 60,000. दुसरी ओळ यंदाच्या कपातीची: कापले 72,000, पण `TDS credit being claimed this year` या रकान्यात 66,000, पावती 6,60,000, आणि पुढे नेण्यासाठी 6,000. पोर्टलने इथे आपणहून 72,000 भरले होते, ते खोडून बदलावे लागले. तिसरी ओळ मुंबईची, 7,500 आणि पावती 75,000. एकूण दावा 79,500. तक्त्यात उत्पन्नाचा प्रकार व्यवसायाचा निवडला आहे ना, हेही तपासावं. ती नोंद 'इतर उत्पन्ना'खाली राहिली तर जुळणी बिघडते.

टॅन, म्हणजे कर कापणाऱ्या ग्राहकाचा क्रमांक, मात्र हाताने टाइप न करता 26एएस मधून उचलावा. एक अक्षर चुकलं तरी क्रेडिट मिळत नाही.

रिटर्न भरल्यावर 30 दिवसांच्या आत ई-व्हेरिफाय करायचं आणि रिफंडसाठीचं बँक खातं पोर्टलवर आधी व्हॅलिडेट केलेलं हवं. त्या खात्यावरचं नाव पॅनवरच्या नावाशी जुळलं नाही तर रिफंड मंजूर होऊनही अडकतो. प्रक्रिया झाली की कलम 143(1) ची सूचना मेलवर येते. तिच्यात दोन रकाने असतात, आपण भरलेलं आणि विभागाने मोजलेलं. टीडीएसच्या ओळीत दोन्हीकडे 79,500 आहेत का, तेवढं आधी बघावं. विभागाच्या रकान्यात कमी दिसले आणि 26एएस मध्ये नोंद असेल, तर `Rectification` मधून `Tax Credit Mismatch Correction` निवडून विनंती करता येते. नोंदच नसेल तर विनंती करून काही होत नाही, आधी ग्राहकाकडून दुरुस्ती.

याच्या उलटा प्रकारही घडतो. आपण उत्पन्न एका वर्षी दाखवून कर भरून टाकलेला असतो आणि ग्राहक टीडीएस कापतो पुढच्या एखाद्या वर्षी. मग त्या जुन्या वर्षाच्या क्रेडिटसाठी फॉर्म 71 आहे. ज्या आर्थिक वर्षात कर कापला, ते संपल्यापासून दोन वर्षांच्या आत तो ऑनलाइन भरावा लागतो.

कर शून्य असताना वर्षभर 10 टक्के अडकून राहतात, त्यावर अनेकांना कोणीतरी फॉर्म 15जी द्यायला सांगतं. बँकेच्या व्याजाला तो चालतो, 194जे ला नाही. इथे उपाय कलम 197 च्या दाखल्याचा. ट्रेसेसवरून अर्ज करायचा, अंदाजे उत्पन्न आणि मागची रिटर्न्स दाखवायची, आणि अधिकाऱ्याला पटलं तर ठरावीक ग्राहकासाठी, ठरावीक रकमेपर्यंत कमी दराने कपातीचा दाखला मिळतो. तो मागच्या तारखेने लागू होत नाही, म्हणून अर्ज वर्षाच्या सुरुवातीलाच करावा. 1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा 2025 लागू झाल्याने त्यानंतरच्या कपाती कलम 393 खाली येतात आणि कलमांचे, फॉर्मांचे क्रमांक बदलले आहेत. 2025-26 च्या रिटर्नला मात्र जुनाच कायदा लागतो.

राहिला सर्वात वाईट प्रकार: ग्राहकाने कापले, पण सरकारात भरलेच नाहीत. कंपनी बंद पडली की असं होतं. 26एएस मध्ये नोंद नसल्याने क्रेडिट मिळत नाही, आणि आपला कर निघत असेल तर तेवढ्याची मागणी येते. पण कलम 205 सांगतं की ज्याच्या पैशातून कर कापला गेला त्याच्याकडून तो पुन्हा वसूल करायचा नाही, आणि केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळानेही 2015 साली अधिकाऱ्यांना तशा सूचना दिल्या आहेत. पोर्टलवर `Response to Outstanding Demand` मध्ये मागणी अमान्य असल्याचं नोंदवून बिल, कपात दाखवणारा ग्राहकाचा मेल किंवा पेमेंट स्लिप, आणि खात्यात कमी रक्कम आल्याचं बँक स्टेटमेंट जोडायचं. त्याच कागदांसह आपल्या कर निर्धारण अधिकाऱ्याकडे लेखी अर्जही द्यायचा. मागणीची वसुली यातून थांबवता येते. पण कर शून्य असून निव्वळ रिफंड अडकला असेल तर काम अवघड असतं, नोंद झाल्याशिवाय यंत्रणा पैसे सोडत नाही. म्हणून नव्या ग्राहकाची पहिली तिमाही संपली की 26एएस उघडून बघावं, आणि ओळ नसेल तर पुढच्या बिलाच्या मेलमध्येच तिची विचारणा करावी.